व्हायवात पोल्युटर पेज अन् प्रीकॉशनवर उलटे प्रश्न आले तर

"सर, मी लॉच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुढच्या आठवड्यात एन्व्हायर्नमेंटल लॉची व्हायवा आहे. पोल्युटर पेज आणि प्रीकॉशनरी प्रिन्सिपल, दोन्हीच्या व्याख्या अन् केसेस पाठ आहेत. पण मागच्या वेळी पहिल्या उत्तरानंतर एक्सटर्नल सरांनी 'बरं, मग पुढं?' 'मग पुढं?' करत असं धरलं की मी गप्पच झाले. नेमकं काय विचारतात आणि तिथं काय बोलायचं?"

व्याख्येवर पहिलं मिनिट निघून जातं, खरी व्हायवा त्याच्यानंतर चालू होते. मी वीसेक वर्षं संभाजीनगरला प्रॅक्टिस करतोय, पुण्याच्या एनजीटी, म्हणजे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या बेंचसमोर उभा राहतो आणि अधूनमधून एक्सटर्नल म्हणूनही बसतो, म्हणून टेबलाच्या पलीकडून काय चालतं ते सांगतो. एकेका विद्यार्थ्याला आमच्याकडं सात-आठ मिनिटं असतात. व्याख्या सगळ्यांचीच सारखी येते, गाईडमधली, मग बघायचं काय? तर एक घटना समोर टाकायची आणि तुझं तत्त्व त्या घटनेवर चालतंय का ते बघायचं. कोण भरणार, किती भरणार, कशाबद्दल भरणार, आणि सिद्ध कोण करणार, एवढ्याच चार खुंट्यांभोवती सगळे उलटे प्रश्न फिरतात. म्हणून माझं म्हणणं असं की एकच घटना डोक्यात पक्की ठेव आणि प्रत्येक उत्तर तिच्यावरूनच दे.

आपल्याकडची घे. गोदावरीच्या पट्ट्यात ऊस आहे, कारखाना आहे, कारखान्याला जोडून डिस्टिलरी आहे. मळीपासून अल्कोहोल काढताना एका लिटरमागं साधारण आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश, म्हणजे मागं उरलेलं सांडपाणी, निघतो, काळपट तांबडा, आंबूस वासाचा. तो लगूनमध्ये, म्हणजे खोदलेल्या तळ्यात, साठवलेला. लगूनच्या खालच्या अंगाला ओढा आणि ओढ्याच्या कडेनं सात विहिरी. गाळप चालू झालं आणि महिन्याभरात शेतकरी म्हणायला लागले, "साहेब, पाणी लाल यायलंय, बैलं तोंड लावंना झालेत." बास, एवढी गोष्ट पुरे. आता हिच्यावर प्रश्न चालव.

पहिला प्रश्न, पोल्युटर पेज म्हणजे काय. तू म्हणशील प्रदूषण करणाऱ्यानं खर्च सोसायचा, १९९६ ची बिछरी केस, म्हणजे इंडियन कौन्सिल फॉर एन्व्हायरो-लीगल ॲक्शन. बरोबर. लगेच उलटा प्रश्न येतो: "बिछरीत तर कोर्टानं ॲब्सोल्यूट लायबिलिटी लावली, ती १९८७ च्या ओलियम गॅस केसमधूनच आली होती, मग पोल्युटर पेजनं नवीन काय दिलं?" इथं दहापैकी आठ जण अडकतात कारण दोन्ही शब्द एकाच दमात पाठ केलेले असतात.

उत्तर असं दे. ॲब्सोल्यूट लायबिलिटी सांगते की धोकादायक धंद्यातून नुकसान झालं तर चूक कोणाची, काळजी घेतली होती का, हे विचारायचंच नाही, जबाबदारी आहे म्हणजे आहे. पोल्युटर पेज सांगतं की त्या जबाबदारीत कायकाय मोजायचं: माणसाचं नुकसान तर आहेच, शिवाय बिघडलेली जमीन-पाणी पुन्हा ठीक करायचा खर्चसुद्धा. बिछरीच्याच वर्षी, ऑगस्ट १९९६ मध्ये, वेल्लोर सिटिझन्स केसमध्ये कोर्टानं हे स्पष्ट मांडलं. म्हणजे आपल्या गोष्टीत शेतकऱ्याचा ऊस जळाला त्याचे पैसे हा एक भाग, आणि विहिरी उपसून, ओढ्यातला गाळ काढून पाणी परत प्यायजोगं करायचा खर्च हा दुसरा भाग, आणि शेतकऱ्याचं तोंड बंद केलं म्हणून दुसरा भाग माफ होत नाही.

बिछरीची गोष्ट नुसती नावापुरती सांगू नको, दोन वाक्यं तपशील दे. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यातलं गाव, एच-ॲसिड नावाचं रसायन तिथं बनवायचे. उत्पादन तसं थोडेच दिवस चाललं पण त्यातून २,४०० टनांच्या वर विषारी गाळ निघाला आणि तो कारखान्याच्या आवारात आणि आजूबाजूला टाकून दिला, पावसानं तो जमिनीत मुरला आणि विहिरी काळ्या पडल्या. उत्पादन बंद झालं तरी विष खालीच राहिलं, आणि म्हणूनच "साफ कोण करणार" हा प्रश्न कोर्टापुढं उघडा पडला. पुढचं बऱ्याच जणांना माहीत नसतं: सफाईची रक्कम ३७.३८५ कोटी ठरली, कंपन्यांनी अर्जांवर अर्ज करून वर्षानुवर्षं भरली नाही, आणि २०११ मध्ये सुप्रीम कोर्टानं ४ नोव्हेंबर १९९७ पासून १२ टक्के चक्रवाढ व्याजासकट ती भरायला सांगितली, वर दहा लाख खर्च. एखाद्या परीक्षकानं विचारलं की "तत्त्व आहे पण पैसे येतात का हो?" तर हेच सांग, खोटा उत्साह दाखवू नको. निकाल १९९६ चा अन् व्याजासकट वसुलीचा आदेश २०११ चा, मधली पंधरा वर्षं गावानं काढली.

दुसरा उलटा प्रश्न: "कायद्यात कुठं लिहिलंय?" आज सरळ उत्तर आहे, एनजीटी ॲक्ट २०१० चं कलम २०, तिन्ही तत्त्वं लावणं ट्रिब्युनलला बंधनकारक: शाश्वत विकास, प्रीकॉशन, पोल्युटर पेज. भरपाई अन् पूर्वस्थिती कलम १५ खाली, आणि अपघात असेल तर चूक न विचारता जबाबदारी कलम १७ खाली. पण २०१० च्या आधी काय, असं विचारलं तर एन्व्हायर्नमेंट प्रोटेक्शन ॲक्ट १९८६ ची कलमं ३ आणि ५, बिछरीत कोर्टानं खर्च वसुलीचा अधिकार तिथून वाचला. आणि जोडीला कलम ९ सांग, कोणी सांगत नाही: मर्यादेपेक्षा जास्त प्रदूषक बाहेर पडला तर उपाययोजनेवर सरकारी यंत्रणेनं केलेला खर्च व्याजासकट त्या माणसाकडून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखा वसूल करता येतो. म्हणजे पोल्युटर पेजचं एक छोटं रूप १९८६ च्या ॲक्टमध्ये आधीपासून लिहिलेलंच होतं.

"मग पैसे भरले की प्रदूषण करायला मोकळे?" हा प्रश्न हमखास येतो. नाही म्हण, आणि कारण दे. सुप्रीम कोर्टानं रिसर्च फाउंडेशन केसमध्ये सांगितलंय की पैसे भरा अन् प्रदूषण करा असा या तत्त्वाचा अर्थ होत नाही. आपल्या डिस्टिलरीचं कन्सेंट, म्हणजे चालवायची परवानगी, ही वेगळी गोष्ट आहे, वॉटर ॲक्टच्या कलम ३३-अ खाली प्रदूषण नियंत्रण बोर्ड डिस्टिलरी बंद करायला सांगू शकतं, लाईट-पाणी तोडू शकतं, आणि तरीही झालेल्या नुकसानीचा हिशेब उरतोच. बिछरीतही कारखाने बंद करायला लावले आणि खर्चही लावला, दोन्ही.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथं मी जरा थांबणार आहे, कारण व्हायवातही अन् कोर्टातही इथंच पाय घसरतो. "विहीर डिस्टिलरीमुळंच बिघडली हे कशावरून?"

मुलं म्हणतात ॲब्सोल्यूट लायबिलिटी आहे, सिद्ध करायची गरज नाही. चूक. सिद्ध करायची नाही ती चूक, म्हणजे निष्काळजीपणा. कारण-परिणामाचा धागा मात्र दाखवावाच लागतो, पोल्युटर कोण हे ठरल्याशिवाय पे कोण करणार? दीपक नायट्राइट केसमध्ये, २००४, सुप्रीम कोर्टानं हेच धरलं. कारखान्यांनी नियम मोडले म्हणून गुजरात हायकोर्टानं उलाढालीच्या एक टक्का रक्कम लावली होती, सुप्रीम कोर्ट म्हणालं की नियम मोडला एवढ्यानं पर्यावरणाची हानी झालीच असं आपोआप धरता येत नाही, हानी झाली का आणि किती हे बघा, आणि मग रकमेचा हानीशी काहीतरी मेळ बसवा.

मग धागा कसा दाखवायचा? माझीच गोष्ट सांगतो, बरीच वर्षं झाली. अशाच एका गावची केस होती, कारखान्याचं नाव घेत नाही. चार विहिरींचं पाणी तपासून आम्ही रिपोर्ट लावले, क्लोराइड जास्त, रंग जास्त, सीओडी, म्हणजे पाण्यातली घाण मोजायचा आकडा, तोही जास्त. मला वाटलं झालं काम. समोरच्या वकिलांनी एकच प्रश्न केला, "या चारही विहिरी लगूनच्या खालच्या अंगाला आहेत, वरच्या अंगाची एक तरी तपासली का? इथलं पाणी मूळचंच खारं असेल तर?" आम्ही तपासली नव्हती. मग संयुक्त कमिटी नेमली गेली, ती येईस्तोवर पाऊस पडला, विहिरी भरल्या, पाणी पातळ झालं आणि आकडे निम्म्यावर आले. त्या शेतकऱ्यांचं एक अख्खं वर्ष माझ्या त्या एका विहिरीपायी गेलं, ते मला अजून लागून राहिलंय.

म्हणून आता सांगतो, वरच्या अंगाची विहीर आधी, मग खालच्या, आणि सगळे नमुने एकाच दिवशी, गाळप चालू असताना. आणि क्लोराइडवर विसंबू नको. आपल्याकडं उन्हाळ्यात पाणी तसंही जड होतं. स्पेंटवॉशमध्ये पोटॅशियम भरपूर असतं, साध्या विहिरीच्या पाण्यात ते एरवी कमी असतं, म्हणून रंग अन् सीओडीच्या जोडीला पोटॅशियम वाढलेलं दिसलं की बोट डिस्टिलरीकडं जातं. पण तिथंही समोरचा म्हणणार की उसाला पोटॅश टाकताय ते खाली उतरलं. त्याला उत्तर परत तेच: वरच्या अंगालाही ऊसच आहे, तिथंही तेच खत पडतं, मग तिथल्या विहिरीत का नाही? हे एवढं एक वाक्य व्हायवात बोलून बघ, परीक्षक खुर्चीत पुढं सरकतो.

इथून "तुम्ही बाटलीत भरून आणलेलं पाणी चालतं का?" हा प्रश्न निघतो. वॉटर ॲक्टचं कलम २१ बोर्डानं सांडपाण्याचा नमुना कसा घ्यायचा ते सांगतं: मालकाला तिथल्या तिथं नोटीस, त्याच्या समोर नमुन्याचे दोन भाग, सील, सही, आणि ही पद्धत पाळली नाही तर तो रिपोर्ट कायदेशीर कार्यवाहीत पुरावा म्हणून चालत नाही. पण शेतकऱ्याच्या स्वतःच्या विहिरीचं पाणी हा कारखान्याच्या नळकांड्यातला नमुना नव्हे. आणि एनजीटीला कलम १९ मुळं पुराव्याच्या कायद्याची बेडी नाही. तरी बाटली ही फक्त दार उघडायला, पुढचं काम कमिटीच्या नमुन्यावरच होतं, हे प्रामाणिकपणे सांग.

आणि "जवळ दोन डिस्टिलऱ्या असल्या तर?" कलम १७ च्या पोटकलम २ मध्ये आहे: नुकसान एकट्या कोणाच्या माथी मारता येत नसेल, सगळ्यांचा मिळून परिणाम असेल, तर ट्रिब्युनल न्याय्य वाटा पाडून देतं. "मग निम्मं निम्मं का?" असं विचारलं तर तसं कुठं लिहिलेलं नाही, कोणाचं उत्पादन किती, लगून किती मोठं, किती दिवस चाललं, यावरून वाटा.

आता रक्कम. सीपीसीबीचं, म्हणजे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण बोर्डाचं, एक सूत्र आहे, पर्यावरण सुरक्षा समितीच्या एनजीटी केसमधून आलेलं, ते लिहून दाखवता आलं तर उत्तम:

```
EC = PI × N × R × S × LF
   = 80 × 120 × 250 × 1.5 × 1.0
   = 36,00,000
```

पहिला आकडा प्रदूषण निर्देशांक, रेड कॅटेगरीला ८०, ऑरेंजला ५०, ग्रीनला ३०, आणि डिस्टिलरी रेडमध्ये. दुसरा किती दिवस उल्लंघन चाललं. तिसरा रुपयांचा, शंभर ते पाचशेच्या मध्ये, साधारण २५० धरतात. चौथा आकारमान, लहान उद्योगाला ०.५, मध्यमला १, मोठ्याला १.५. पाचवा ठिकाण, दहा लाखांच्या आत लोकसंख्या म्हणून १. म्हणजे आपल्या डिस्टिलरीला दिवसाला तीस हजार, आणि १२० दिवसांचे ३६ लाख. लहान उद्योगाचा हिशेब कितीही कमी आला तरी दिवसाला पाच हजारांच्या खाली जात नाही.

सूत्र पाठ असणारे बरेच, पण "हे १२० दिवस कुठून आणले?" म्हटलं की शांतता. तिथं सांग: उल्लंघन ज्या दिवशी नोंदलं गेलं तिथपासून ते दुरुस्ती झाली हे बोर्डानं तपासून मान्य केलं तिथपर्यंत. दोन्ही तारखा कागदावर पाहिजेत. म्हणून इन्स्पेक्शनचा पंचनामा लवकर होणं शेतकऱ्याच्या फायद्याचं आणि "आम्ही दुरुस्त केलं" असं कारखान्याचं नुसतं पत्र पुरेसं नाही.

मग परीक्षक म्हणेल, "३६ लाख भरले, झालं ना?" नाही. समज कमिटीनं विहिरी उपसणं, ओढ्यातला गाळ काढणं अन् तोवर गावाला टँकर याचा खर्च ५५ लाख काढला आणि पिकांचं नुकसान १४ लाख. सूत्राची रक्कम उल्लंघनाच्या दिवसांवर चालते, प्रत्यक्ष साफसफाईचा अंदाज तिच्यात बसलेला नाही. त्यामुळं ५५ अन् १४ वेगळे मागायचे. आणि हा मुद्दा कामाचा आहे: पर्यावरणाच्या हानीपोटी ट्रिब्युनलनं लावलेली रक्कम कलम २४ नुसार एन्व्हायर्नमेंट रिलीफ फंडात जाते, थेट शेतकऱ्याच्या खात्यात येत नाही. शेतकऱ्याला स्वतःचं हवं असेल तर कायद्याच्या शेड्यूल २ मधल्या हेडखाली, पीक, जनावरं, मालमत्ता, असं वेगवेगळं मागावं लागतं, आणि कारण पहिल्यांदा घडलं तिथून पाच वर्षांच्या आत. नुसतं "योग्य ती भरपाई द्यावी" असं लिहिलेले अर्ज मी पाहिलेत, वाईट वाटतं.

इथं सगळ्यात अवघड उलटा प्रश्न बसतो, जरा लक्ष देऊन वाच. "ओलियम गॅस केसमध्ये कोर्ट म्हणालं की कारखाना जेवढा मोठा तेवढी भरपाई जास्त, म्हणजे ऐपतीवर. आणि २०२४ मध्ये बेंझो केम केसमध्ये सुप्रीम कोर्ट म्हणालं की उत्पन्नाचा दंडाशी संबंध नाही. यातलं खरं कुठलं?" बेंझो केम आपल्या महाराष्ट्रातलीच केस, एनजीटीनं कंपनीच्या उलाढालीकडं बघून २५ कोटी लावले होते, ते सुप्रीम कोर्टानं रद्द केले. घाईत एकाला चूक म्हणू नको. ओलियममध्ये प्रश्न होता धोकादायक धंद्यातून माणसांना इजा झाली तर भरपाईला धाक असावा, म्हणून ऐपत बघायची, पण इजा आधी होती. बेंझो केममध्ये अडचण अशी की रकमेचा पाया हानी नसून उलाढालच झाली होती. दीपक नायट्राइट या दोघांच्या मधला पूल आहे: ऐपतही बघा, पण हानीशी ढोबळ का होईना मेळ पाहिजे, आणि एखाद्या केसमध्ये उलाढालीचा टक्का योग्य मापही ठरू शकतो. आपल्या डिस्टिलरीवर बोलायचं तर ५५ लाखांच्या पायावर उभं राहून ऐपतीचा मुद्दा मांडता येतो, पाया सोडून नुसतं "शंभर कोटींची कंपनी आहे" म्हणून नाही.

याच्या जोडीला दंड आणि भरपाई यांतला फरक विचारतात, तो लवकर संपव. वेल्लोरमध्ये प्रत्येक टॅनरीला दहा हजार पोल्युशन फाइन लावला होता, पण २००० मध्ये कमल नाथ केसमध्ये कोर्टानंच सांगितलं की दंड ही शिक्षा आहे, खटला चालवून गुन्हा सिद्ध झाल्याशिवाय रिटमध्ये लावता येत नाही, भरपाई मात्र लावता येते. आणि बोर्डाला स्वतः भरपाई लावता येते का? ऑगस्ट २०२५ च्या दिल्ली पोल्युशन कंट्रोल कमिटीच्या केसमध्ये, लोधी प्रॉपर्टीविरुद्ध, सुप्रीम कोर्ट हो म्हणालं, वॉटर ॲक्टचं ३३-अ आणि एअर ॲक्टचं ३१-अ यांच्या खाली.

आता प्रीकॉशन. वेल्लोरमधले तीन मुद्दे तुला पाठ असतील: आधीच ओळखून कारणावरच घाव घालायचा, गंभीर धोका असेल तर विज्ञानाची खात्री नाही म्हणून थांबायचं नाही, आणि आपलं काम निरुपद्रवी आहे हे सिद्ध करायचा भार उद्योगावर. पहिला उलटा प्रश्न शब्दांवरच असतो. १९९२ च्या रिओ जाहीरनाम्याच्या १५ व्या तत्त्वात "गंभीर किंवा कायमची" हानी म्हटलंय, वेल्लोरमध्ये "गंभीर आणि कायमची" झालं. रिओत "परवडणारे उपाय" अशी अट होती, वेल्लोरमध्ये ती दिसत नाही. आणि भार उलटवण्याची गोष्ट रिओच्या त्या तत्त्वात नाहीच, ती आपल्या कोर्टानं स्पष्ट मांडली. हे तीन फरक सांगितले की तू मूळ वाचलंय हे कळतं.

मग विचारतील, "तुमच्या डिस्टिलरीला प्रीकॉशन लागतं का?" सगळे हो म्हणतात. मी असतो तर थांबलो असतो. स्पेंटवॉश ओढ्यात गेला तर पाणी बिघडतं यात विज्ञानाची कसली अनिश्चितता? ते माहीतच आहे, तिथं साधं प्रतिबंधाचं तत्त्व पुरतं. अनिश्चितता आहे ती जमिनीखाली. आपल्याकडं काळा पाषाण, वर मुरूम, खाली भेगा. पाणी कुठल्या भेगेनं कुठं जाईल ते वरून सांगता येत नाही, शंभर फुटांवरची विहीर कोरडी अन् पलीकडच्या शिवारातलीला पाणी, हे आपण रोज बघतो. तेव्हा नवीन लगून खोदायचं ठरलं आणि कारखाना म्हणाला "खाली काही उतरणार नाही", तर तिथं प्रीकॉशन येतं: विष माहीत आहे, वाट माहीत नाही.

आणि "वाट माहीत नाही म्हणून कोणीही उठून कारखाना बंद करायला लावेल का?" नाही, भार उलटतो पण हवेत उलटत नाही. धोक्याची वाजवी शंका वाटावी एवढं काहीतरी आधी पुढं यावं लागतं. यासाठी १९९९ ची नायडू केस वापर. हैदराबादला पिण्याचं पाणी देणारे उस्मान सागर आणि हिमायत सागर, त्यांच्या १० किलोमीटरच्या आत एरंडेलापासूनचे पदार्थ बनवणारा कारखाना, आंध्र बोर्डानं कन्सेंट नाकारलं, अपील अधिकाऱ्यानं दिलं. सुप्रीम कोर्टानं भार उद्योगावर टाकला आणि नंतरच्या निकालात कारखान्याला परवानगी राहिली नाही. तिथं शंकेला आधार होता: अंतर, उतार आणि लाखो लोकांचं पिण्याचं पाणी. हेच उत्तर देताना नाथसागराच्या काठावर तो कारखाना आहे असं समजून बोल, आपोआप सोपं होतं, कारण ते पाणी आपण पितो.

मर्यादा विचारली तर २००० ची नर्मदा बचाओ आंदोलन केस. कोर्ट म्हणालं की भार उलटवणं हे प्रदूषण करणाऱ्या प्रकल्पांना, जिथं हानी किती होईल ते माहीत नाही तिथं लागतं, धरणाचे परिणाम माहीत आहेत म्हणून ते तिथं लागत नाही. मला स्वतःला ही विभागणी पूर्ण पटत नाही, धरणाचे सगळे परिणाम कुठं आधी माहीत असतात? पण व्हायवात आधी निकाल नीट सांगायचा, मग "माझं मत असं" म्हणून वेगळं ठेवायचं, दोन्हीची खिचडी करू नको.

शेवटी बरेच परीक्षक बाजू फिरवतात: "आता तुम्ही कारखान्याचे वकील आहात, बोला." इथं बिचकायचं काही कारण नाही. भार माझ्यावर आहे हे मान्य करायचं आणि तो कसा उतरवणार ते सांगायचं: लगूनच्या तळाला कुठला लायनर आहे आणि त्याची तपासणी कधी झाली, किती स्पेंटवॉश निघाला अन् किती बाष्पीभवन वा कंपोस्टमध्ये गेला याचा रोजचा मेळ, लगूनभोवतीच्या निरीक्षण विहिरींचे आकडे. आणि त्याच्यावर परीक्षकानं "एवढ्यावर भागतं?" असं विचारलं तर म्हणायचं, गाळप सुरू व्हायच्या आधीचे आकडेही लागतील, आणि वरच्या अंगाच्या त्या विहिरीचे.